गृहकर्ज खात्यात भरलेल्या सर्व रकमा, पार्ट पेमेंट व उरलेली मुदत तपासून लेखी देणेबाबत

जळगाव
दि. 21 एप्रिल 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
गृहकर्ज विभाग, जळगाव शाखा

संदर्भ : गृहकर्ज खाते, शेवटचे चार आकडे 4417. उताऱ्याचा काळ 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025.

महोदय,

मागच्या मंगळवारी आपल्या काउंटरवरून वर्षाचा उतारा घेतला. घरी आल्यावर पासबुक, पावत्या आणि उतारा शेजारी ठेवून एकेक नोंद टिकमार्क करत गेलो. मी शाळेत गणित शिकवतो, तेव्हा ही खोड जुनीच. बहुतेक नोंदी जुळल्या. दोन ठिकाणी अडलो आणि एक रक्कम का कापली ते कळले नाही. हे सगळे तोंडी बोलून झाले आहे, पण काउंटरवरचे साहेब दर वेळी वेगळे असतात. म्हणून लेखी देत आहे.

आधी जे जुळले ते सांगतो. दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी 18,000 रुपयांचा हप्ता माझ्या पगाराच्या खात्यातून जातो. बाराही हप्ते उताऱ्यात आहेत, एकूण 2,16,000. एकही परत गेलेला नाही. सुरुवातीची शिल्लक 18,00,000 आणि व्याजदर वर्षभर 9 टक्के, हेही मला मान्य आहे. 1 जुलै 2024 रोजी रावेरकडच्या शेतातल्या केळीचे पैसे आले, त्यातून दीड लाखाचा चेक आपल्याच शाखेत भरला. तो त्याच दिवशी मुद्दलात वळता झाला आणि जुलैपासून व्याज कमी लागले. इथपर्यंत तक्रार नाही.

आता पहिली अडचण. 2 डिसेंबर 2024 रोजी कापसाचे एक लाख रुपये मी एनईएफटीने कर्ज खात्यात पाठवले. पैसे त्याच दिवशी पोहोचले, उताऱ्यात जमाही दिसतात. पण ते मुद्दलातून वजा झाले 1 फेब्रुवारी 2025 ला. मधले दोन महिने ते ‘आगाऊ हप्ता’ या नावाखाली नुसते पडून होते. डिसेंबरचे व्याज 12,054.98 आणि जानेवारीचे 12,010.39 लागले आहे. लाख रुपये वेळेवर वळते झाले असते तर हेच आकडे अनुक्रमे 11,304.98 आणि 11,254.77 आले असते. म्हणजे दोन महिन्यांत 1,505.62 रुपये जास्त आणि त्यावर पुढच्या दोन महिन्यांचे व्याज. 31 मार्चची शिल्लक उतारा 14,81,776 दाखवतो, माझ्या हिशेबाने ती 14,80,248 हवी. फरक 1,528 रुपयांचा. मी महिन्याच्या हिशेबाने आकडे काढले आहेत, तुमची प्रणाली दिवसाच्या शिलकीवर व्याज काढत असेल तर शे-दोनशे इकडेतिकडे होतील, त्यावर मी भांडणार नाही. पण रक्कम 2 डिसेंबरपासून मुद्दलात धरावी. पैसे पाठवताना तपशिलात ‘पार्ट पेमेंट, मुद्दल’ असे लिहिले होते. शिवाय त्याच दिवशी शाखेत अर्ज दिला, त्यावर आपला आवक शिक्का आहे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही वेळच्या अर्जांत मी एकच वाक्य लिहिले होते, ‘हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी.’ हप्ता 18,000 च राहिला आहे, पण उताऱ्याच्या खालच्या ओळीत शिल्लक हप्ते 174 लिहिले आहेत. एप्रिल 2024 मध्ये 186 बाकी होते, त्यातून भरलेले 12 वजा केले, एवढेच. अडीच लाख भरल्याचा त्या आकड्यावर काहीच परिणाम दिसत नाही.

14,80,248 मुद्दल, 9 टक्के दर, 18,000 हप्ता धरला तर 128 पूर्ण हप्ते आणि शेवटचा एक छोटा, असे 129 होतात. म्हणजे कर्ज सप्टेंबर 2039 ऐवजी डिसेंबर 2035 मध्ये संपेल. 45 हप्ते कमी, म्हणजे पावणेचार वर्षे आणि सुमारे आठ लाख दहा हजार रुपये. शेतातले पैसे दुसरीकडे न घालवता इथे भरण्याचे कारण तेच होते. आपल्या एका कर्मचाऱ्याने सांगितले की मुद्दल कमी झाले की मुदत आपोआप कमी होते, फक्त कागदावर दिसत नाही. मग कागदावर दिसू द्या, इतकेच माझे म्हणणे आहे. मागे व्याजदर वाढले तेव्हा मुदत लांबल्याचे मात्र लगेच कागदावर आले होते. परतफेडीचे नवे वेळापत्रक छापून द्यावे, त्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत मुद्दल-व्याज वेगळे असावे.

तिसरी गोष्ट लहान आहे. 1 जुलैला माझ्या बचत खात्यातून ‘पार्ट पेमेंट शुल्क’ म्हणून 590 रुपये कापले आहेत. माझे कर्ज बदलत्या दराचे आहे आणि वैयक्तिक कर्जदाराच्या अशा गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा आकार लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2012 पासून आहे. हे 590 रुपये परत जमा करावेत.

दराबद्दलही विचारून ठेवतो. रेपो दर फेब्रुवारीत 6.25 आणि 9 एप्रिलला 6 टक्के झाला. माझे कर्ज रेपोशी जोडलेले आहे. नवा दर कोणत्या तारखेपासून लागणार ते कळवा. दर कमी झाल्यावरही हप्ता 18,000 च ठेवावा, फायदा मुदतीत द्यावा.

या वर्षीचे व्याजाचे प्रमाणपत्र 1,47,776 रुपयांचे मिळाले आहे. शिल्लक दुरुस्त झाल्यावर तो आकडा 1,46,248 च्या आसपास येईल. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याआधी नवे प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर पुढे दोन कागदांवर दोन आकडे राहतील.

रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार बँकेने दर तिमाहीला कर्जदाराला आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्ते आणि वार्षिक दर कळवायचा असतो. मला आत्तापर्यंतच्या एकाही तिमाहीचा असा कागद आलेला नाही. मोबाइल नंबर व ई-मेल शाखेत नोंदवलेला आहे.

या अर्जाचे उत्तर 30 दिवसांच्या आत लेखी मिळावे. तसे न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करण्याचा मार्ग माझ्याकडे आहे, पण तिथवर जाण्याची मला इच्छा नाही. आपल्या शाखेतल्या लोकांनी घर बांधताना चांगले सहकार्य केले आहे. आखाजीला मुलगी माहेरी येणार आहे, त्यामुळे 29 एप्रिल ते 2 मे हे दिवस सोडून कधीही बोलवा. पासबुक घेऊन हजर राहीन.

सोबत : उताऱ्याची प्रत, दीड लाखाच्या चेकची पावती, एनईएफटीच्या यूटीआर क्रमांकाचा संदेश, आवक शिक्का असलेले दोन्ही अर्ज, 590 रुपये कापल्याची पासबुकातली नोंद, माझ्या हिशेबाचा एक कागद.

आपला विश्वासू,
सुनील पाटील
(कर्जदार, सहकर्जदार पत्नीची सही सोबत)

ता. क. : या अर्जाची दुसरी प्रत आणली आहे, त्यावर आवक क्रमांक आणि आजची तारीख टाकून परत द्यावी.