गोठ्याचं रोजचं काम (दाराच्या आत चिकटवायचं)

दादा, वहिनी, सोमवारपासून मी सकाळी कांदाकाढणीला मळ्यात असेन. सहा गाई, दोन म्हशी आणि वासरं तुमच्यावर.

पहाटे ४:४५ ला आधी शेण उचला, जागा धुवा, मग धारेची तयारी करा. धारेच्या वेळी कुट्टी झटकायची नाही, धूळ दुधात उतरते.

५:१५ ला धार. गाईंना मशीन, म्हशी हाताने, त्या दादांनीच काढायच्या. सड धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक जनावराला वेगळं फडकं. पहिल्या तीन-चार पिळा काळ्या कपात घ्या. गुठळी किंवा पाण्यासारखं दूध दिसलं की ती गाय शेवटी काढा, दूध वेगळं ठेवा आणि मला फोन करा. पान्हा सुटला की पाच-सात मिनिटांत धार संपली पाहिजे. मध्येच फोन घ्यायला उठलात तर गाय दूध चोरते. शेवटी सड औषधात बुडवून लगेच गव्हाणीत वैरण टाका. सडाची तोंडं अर्धा तास तरी उघडी असतात, गाय खाली बसली की कासेचा आजार आलाच. चंद्री लाथ मारते, तिला आधी पेंड दाखवा.

सध्या इंजेक्शन चालू असलेल्या गौरीचं दूध कॅनमध्ये नाही, रतीबातही नाही. डॉक्टर सांगतील तोपर्यंत ओतून द्या, हळहळू नका.

६:३० ला वहिनी वासरांना दूध पाजतील, दादा गाडी काढतील. आधी गावातले रतीब, मग संकलन केंद्र. ते ७:३० ला बंद होतं. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये. धुतलेले कॅन रात्रभर उपडे ठेवा, तळाला राहिलेलं पाणीसुद्धा एसएनएफ खाली आणतं. नमुना घेण्याआधी दूध ढवळायला सांगा, न ढवळता वरचं घेतलं तर फॅट खोटी येते. स्लिप वहीत चिकटवा. गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली आकडा गेला तर मला दाखवा.

९ वाजता मुरघास, दुभत्या गाईला १५ किलो. गोळीपेंड दुधावर, म्हणजे लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५००. अंदाजाने टोपलं भरू नका, काटा ठेवलाय. पाणी कायम भरलेलं हवं.

दुपारी आराम. ३ वाजता पुन्हा शेण, ४:३० ला धार, रात्री ८ ला कडब्याची कुट्टी. थ्री-फेज कधी येईल ते वीजवाल्यांनाच ठाऊक, म्हणून लाइट असेल तेव्हा दोन दिवसांची कुट्टी करून ठेवा. कुट्टीयंत्रात हाताने चारा ढकलायचा नाही.

पगार १ तारखेला. सुट्टी हवी असेल तर दोन दिवस आधी सांगा, कारण वहिनी एकट्या म्हशींना हात लावणार नाहीत.