पालकांसाठी सूचना: मुलाचे आजारपण आणि मुलाला घरी नेण्याचे नियम

पाळणाघर कार्यालय, विश्रामबाग, सांगली
दिनांक १४ जुलै

सन्माननीय पालक,

सप्रेम नमस्कार. ही सूचना गेल्या आठवड्यात इंग्रजीत पाठवली होती. आपल्याकडील बऱ्याच मुलांना आणण्या-नेण्याचे काम आजी-आजोबा करतात, म्हणून तीच मराठीत देत आहोत. दोन्हींतील नियम एकच असून ते आजपासून लागू आहेत.

शिशुगटातील दोन मुलांना हात-पाय-तोंडाचा आजार असल्याचे निदान त्यांच्या डॉक्टरांनी केले आहे. दोन्ही मुले घरी असून बरी होत आहेत. त्यांची नावे आम्ही कोणालाही सांगणार नाही, आणि पालकांनीही व्हॉट्सॲप गटावर त्याबद्दल अंदाज बांधू नयेत, ही विनंती. हा विषाणूजन्य आजार पाच वर्षांखालील मुलांमध्ये अधिक आढळतो. सुरुवातीला ताप येतो, मूल खायला नको म्हणते, लाळ जास्त गळते, आणि एक-दोन दिवसांत तोंडात फोड व तळहात-तळपायांवर पुरळ दिसू लागते. बहुतेक मुले सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होतात. लाळ, शिंका, फोडांतील पाणी आणि शी यांमधून विषाणू पसरतो, आणि मूल खेळते-बागडते झाल्यावरही तो शीमधून काही आठवडे बाहेर पडत राहू शकतो. म्हणून लंगोट बदलल्यावर प्रत्येक वेळी साबण आणि पाण्याने हात धुणे हाच खरा उपाय आहे. सॅनिटायझरवर या विषाणूच्या बाबतीत भिस्त ठेवू नये. शिशुगटातील खेळणी आता रोज धुतली जातात आणि कापडी खेळणी तूर्त काढून ठेवली आहेत.

सकाळी दारातच ताई प्रत्येक मुलाचे तळहात, तोंड आणि डोळे पाहतील व गरज वाटल्यास ताप मोजतील. काखेत मोजलेला ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा अधिक असल्यास मुलाला त्या दिवशी घेता येणार नाही. धावून आलेल्या मुलाचे अंग गरम लागते, त्यामुळे पहिल्या मोजणीत ताप आढळल्यास मुलाला पंधरा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजू आणि दुसरा आकडा ग्राह्य धरू. उलट्या, पातळ जुलाब, आलेले डोळे, कारण न कळलेले पुरळ किंवा दम लागणे यांपैकी काही असले तरी मुलाला घरीच ठेवावे. नुसती सर्दी असेल, ताप नसेल आणि मूल खात-खेळत असेल, तर मुलाला अवश्य आणावे. पावसाळ्यात सर्दीसाठी मुले परत पाठवू लागलो तर पाळणाघर ओस पडेल.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. सकाळी तापाचे औषध देऊन, अंग थंड झाल्यावर मुलाला सोडून जाण्याचे प्रकार अधूनमधून घडतात. रजा मिळणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो, कारण आमच्या ताईही नोकरीच करतात. परंतु चार ते सहा तासांत औषधाचा असर उतरतो, दुपारी झोपेतून उठताना मूल तापाने फणफणलेले असते, आणि तोवर ते दिवसभर इतर मुलांबरोबर खेळलेले असते. म्हणून औषध न देता सलग २४ तास ताप नसेल तरच मुलाला पुन्हा आणावे. जुलाब-उलट्या थांबूनही २४ तास झालेले असावेत. हात-पाय-तोंडाच्या आजारात याखेरीज फोड सुकलेले आणि मूल नीट खाऊ-पिऊ लागलेले असावे. कांजण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस मुलाला घरी ठेवावे. या तीन आजारांनंतर परत येताना डॉक्टरांची चिठ्ठी लागेल.

औषध पाळणाघरात द्यायचे असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मूळ बाटली आणि औषधाच्या वहीत पालकांची सही आवश्यक आहे. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींचे मिळते, खोकी दिसायला बरीच सारखी असतात, आणि मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. त्यामुळे ‘नेहमीचंच आहे, एक चमचा द्या’ असा फोनवरचा निरोप आम्ही स्वीकारणार नाही. दुसऱ्या बाटलीत काढून आणलेले औषधही दिले जाणार नाही.

दिवसा मूल आजारी पडल्यास प्रथम आईला, नंतर वडिलांना आणि दहा मिनिटांत कोणीच फोन न उचलल्यास नोंदवलेल्या तिसऱ्या व्यक्तीला फोन केला जाईल. फोन लागल्यापासून एका तासात मुलाला नेण्यासाठी कोणीतरी पोहोचावे. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतील ज्या कारखान्यांत कामाच्या जागी मोबाइल नेता येत नाही, तेथील पालकांनी सुपरवायझरचा किंवा गेटवरचा क्रमांक द्यावा. मिरजेतील रुग्णालयांत पाळीवर असणाऱ्यांनी आपल्या वॉर्डचा द्यावा. तोवर मूल ताईंजवळ वेगळ्या खोलीत राहील. झटके येणे, श्वासाला त्रास होणे किंवा शुद्ध हरपणे अशा वेळी आम्ही फोनची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावू आणि त्याच वेळी आपल्याला कळवू.

मुलाला घरी नेण्यासाठी नोंदणी अर्जावर ज्यांचे नाव आणि फोटो आहे, अशाच प्रौढ व्यक्तीकडे मूल सोपवले जाईल. अशी जास्तीत जास्त चार नावे देता येतील. एखाद्या दिवशी मावशी, आत्या किंवा शेजारच्या काकूंना पाठवायचे असल्यास पालकांनी नोंदवलेल्या क्रमांकावरून स्वतः फोन करावा आणि येणाऱ्या व्यक्तीने मूळ ओळखपत्र दाखवावे. केवळ व्हॉट्सॲपवरचा निरोप पुरेसा नाही. अठरा वर्षांखालील भावंडाकडे मूल दिले जाणार नाही, मग ते घर समोरच्या गल्लीत का असेना. रिक्षावाले काका रोजचे असले, तरी त्यांचेही नाव अर्जावर हवे. मूल ओळखीने त्या व्यक्तीकडे धावले, हा आमच्यासाठी पुरावा नाही. ताईंनी ओळखपत्र मागितल्यास राग मानू नये. आई-वडील विभक्त असल्यास, न्यायालयाचा आदेश कार्यालयात दिलेला नसेल तर, दोघांनाही मूल नेण्याचा समान हक्क आहे असे आम्ही धरतो.

पाळणाघर सायंकाळी ७ वाजता बंद होते. सव्वासातनंतर प्रत्येक पंधरा मिनिटांना ५० रुपये आकारले जातील आणि ती रक्कम थांबलेल्या ताईंनाच मिळेल. उशीर होणार असल्यास साडेसहापूर्वी कळवावे. कृष्णेची पातळी वाढून वाहतूक अडल्यास हे शुल्क लागणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुराचा अनुभव लक्षात घेऊन सांगलीवाडीसह नदीपलीकडे राहणाऱ्या पालकांनी चार नावांपैकी किमान एक व्यक्ती विश्रामबाग परिसरातील द्यावी. पाणी चढू लागल्यावर अर्ज बदलण्यास कोणालाच सवड नसते.

सोबतचे संमतिपत्र, नेणाऱ्या व्यक्तींचे फोटो आणि कामाच्या ठिकाणचे क्रमांक शनिवारी सायंकाळी ६ पर्यंत कार्यालयात द्यावेत. नियमांबाबत काही अडचण असल्यास दुपारी ३ ते ४ या वेळेत, मुले झोपलेली असताना, प्रत्यक्ष भेटावे.

आपली विश्वासू,
संचालिका