राजपुरीहून जंजिरा: आडव्या चौकटीसाठी प्रॉम्प्ट

मूळ फोटो 1080×1350, तो 2400×1350 करायचा. दोन्ही बाजूंना 660 पिक्सेल. मूळ भागाला हात लावू नको.

डावी बाजू: क्षितिजाची रेषा खालून 450 पिक्सेलवर आहे, तीच सरळ पुढे ने, वाकवू नको, पायरी पाडू नको. त्यावर दिघीकडचे डोंगर, दूर जातील तसे फिकट, निळसर. सूर्य किल्ल्यामागे मावळतोय, म्हणून आपल्याकडची प्रत्येक बाजू सावलीत, फक्त कडांना केशरी झळाळी. पाण्यावरचा सोनेरी पट्टा मूळ जागीच राहू दे. दुसरा सूर्य नको! (मागच्या वेळी दोन आले होते.)

उजवी बाजू: मोकळा समुद्र, क्षितिजावर पद्मदुर्ग, अगदी बारीक, जंजिऱ्याहून खूपच लहान. जवळ शिडाची एक होडी; कॅमेरा धक्क्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, तेव्हा होडीचा काठ क्षितिजाखाली, डोलकाठी वर. तिची सावली आपल्या दिशेने. धक्क्याच्या दगडांच्या रेषा मूळ फोटोत जिथे एकत्र मिळतात, त्याच बिंदूकडे जाऊ देत.

नको: नवे बुरूज, पक्ष्यांचे थवे, जोडावरची रेघ, वाढीव भागात जास्त गुळगुळीत पाणी. मोबाइलच्या फोटोतले बारीक दाणे तिथेही हवेत.