गरोदर मातांचे लोहगोळ्यांचे सेवन: प्रबंध आराखड्याचा सारांश (एम. डी., जनऔषधवैद्यकशास्त्र)

पार्श्वभूमी: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय आहे. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ अंतर्गत दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक गोळी (लोह ६० मिग्रॅ, फॉलिक अ‍ॅसिड ५०० मायक्रोग्रॅम) द्यायची असते. गोळ्या वाटल्याची नोंद होते, पोटात किती गेल्या याची होत नाही.

उद्दिष्टे: मुख्य उद्दिष्ट नियमित सेवनाचे प्रमाण काढणे, दुय्यम, गोळ्या सुटण्याची कारणे शोधणे.

पद्धत: महाविद्यालयाच्या ग्रामीण आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात छेदात्मक अभ्यास. प्रमाण ५० टक्के, त्रुटी ७ टक्के धरून नमुना १९६. दहा टक्के गळती मिळवून २१६. निवड प्रसूतिपूर्व नोंदवहीतून, सोप्या यादृच्छिक पद्धतीने. २८ आठवड्यांपुढील महिला घेऊ. सिकलसेल वा थॅलेसेमियाच्या रुग्ण वगळू. ‘गोळ्या घेता का?’ला बहुतेक जणी ‘हो’च म्हणतात, आशाताई शेजारी असल्या तर हमखास. म्हणून मुलाखत एकटीची, आणि घरातील रिकाम्या-भरलेल्या पट्ट्या मोजायच्या. मागील ३० दिवसांत किमान २४ गोळ्या म्हणजे नियमित सेवन. विश्लेषण काय-वर्ग चाचणी व लॉजिस्टिक रिग्रेशनने.

नैतिक बाबी: लेखी संमती मराठीत. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली आढळल्यास त्याच दिवशी संदर्भसेवा.

कालावधी (१८ महिने): नैतिकता समितीची मंजुरी व प्रश्नावलीची पूर्वचाचणी ३, माहिती संकलन ९ (भातलावणीत महिला घरी भेटत नाहीत, म्हणून जास्त), विश्लेषण ३, लेखन ३.