बांच्या चिठ्ठीचं मराठी, आणि आभार

रमीलाबेन, नमस्कार.

तुमच्याकडे मुक्कामाला होतो तेव्हा खोलीत बांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या गुजराती चिठ्ठीबद्दल मनापासून आभार. मुलुंडच्या वास्तव्यामुळे तुम्हाला मराठी वाचता येतं, म्हणून मराठीतच लिहितोय. बांना वाचून दाखवाल ना? चिठ्ठीचं मराठी उतरवून टेबलाच्या काचेखाली, मूळ कागदाशेजारी ठेवलं आहे. पुढच्या मराठी पाहुण्यांना उपयोगी पडेल. ते असं:

"अचो, भले पधार्या. नळाचं पाणी खारं आहे, ते आंघोळीला आणि कपड्यांना वापरा. पिण्याचं गोडं पाणी माठात आहे, रोज सकाळी ताजं भरतो. गीझर दहा मिनिटं आधी लावा आणि अंगावर पाणी घेण्याआधी बंद करा. दिवस मावळायच्या आत खिडक्या लावून घ्या, डास येतात. कपाटात गोधडी आणि कांबळं आहे, पहाटे थंडी वाढते. ओले कपडे धाब्यावर वाळत घाला. उद्या सकाळी ८ वाजता रोटला, लसणाची चटणी, गूळ, तूप आणि ताक. रणात जाणार असाल तर दुपारी २ ला निघा, पेट्रोल भुजमध्येच भरा, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याची प्रत जवळ ठेवा. निघताना चावी दाराजवळ ठेवा. बा"

पहिली ओळ मुद्दाम तशीच ठेवली. "अचो" या कच्छी शब्दाला मराठीत "या" म्हटलं की अर्थ येतो, घर येत नाही.

आता कबुली. पहिल्या रात्री माठ भरलेला तसाच राहिला, आणि तुम्ही सकाळी विचारलंतही. त्याचं कारण चिठ्ठीतला "मीठुं पाणी" हा शब्द. मराठी माणसाला त्यात मीठ दिसतं. गुजरातीत मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही. पाणी नपुंसकलिंगी, म्हणून गोड पाणी "मीठुं" होतं. वर "खारुं" नळाच्या पाण्याला लिहिलेलं असूनही ध्यानात आलं नाही. दोन्हीकडे खारटच असेल तर माठ ठेवला कशाला, एवढा विचार केला असता तरी भागलं असतं!

दुसरी चूक "काले सवारे" ची. मराठीत काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत "काले" मागचाही असतो आणि पुढचाही, संदर्भावरून ओळखायचा. त्यामुळे न्याहारीची ओळ आदल्या पाहुण्यांसाठी लिहिलेली वाटली. "बारी" म्हणजे खिडकी, हेही असंच. मराठीत बारी म्हणजे पाळी, म्हणून "बारी बंद राखजो" वाचून कसली पाळी बंद करायची ते कळेना. पुढे "मच्छर" आला तेव्हा उलगडलं. आणि "चावी मूकजो" मधलं मूकवुं म्हणजे ठेवणं, चावीला मुकणं नव्हे. "धाबुं" मात्र लगेच लागलं, आमच्याकडे धाब्याची घरं आहेतच.

अक्षराबद्दल एक. गुजरातीला शिरोरेघ नसते, म्हणून हाताच्या लिखाणात दोन शब्दांमधली जागा अरुंद झाली की कुठे तोडायचं ते समजत नाही. त्यात गुजराती २ चा आकडा आणि "र" जवळजवळ सारखेच दिसतात, ५ आणि "प" सुद्धा. रणाला निघायची वेळ आधी "र वागे" अशीच वाचली गेली. ती वेळ अगदी बरोबर निघाली: रणाच्या काठचं धोरडो भुजपासून साधारण ८० किलोमीटर, वाटेत परवाना दाखवायला थांबावं लागतं, आणि जानेवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. तीन-साडेतीनला निघणाऱ्यांची धावपळ होते. पेट्रोलची सूचनाही मोलाची. ओळखपत्राच्या प्रतींची सूचना नसती, तर झेरॉक्ससाठी पुन्हा भुज गाठायची वेळ आली असती.

रोटल्याबद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात सांगतो. बाजरीची भाकरी आमच्याकडेही होते. बांचा रोटला तिच्यापेक्षा जाड, हाताने थापलेला, आणि तव्यावरून उतरताच बोटांनी खड्डे पाडून त्यात तूप मुरवलेला. त्यामुळे गार झाल्यावरही तो कडक झाला नाही. वाटेसाठी बांधून दिलेले दोन दुपारी रणात खाल्ले, सोबत चटणी.

चावी दाराजवळच्या खुंटीला आहे. पांघरुणं घडी करून कपाटात ठेवली आहेत, माठ झाकलेला आहे.

बा चिठ्ठी पुन्हा लिहिणार असतील तर "मीठुं" खोडू नका, फक्त शेजारी "पीवानुं" हा एक शब्द घाला. बांना नमस्कार.

सुहास आणि मीनल
डोंबिवली