संशोधन प्रश्न कसा मांडावा, पूर्वसंशोधनाचा आढावा कसा रचावा: पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका

‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. त्यावर आयुष्यभर वाचता येईल, पण काय सापडलं म्हणजे काम झालं, हे मात्र ठरवता येणार नाही. प्रबंधिकेसाठी हाताशी जेमतेम एक वर्ष असतं. म्हणून प्रश्नातच चार गोष्टी दिसू द्या: कोणाबद्दल, कशाचा कशाशी संबंध, कोणत्या परिस्थितीत आणि मोजणार कशाने.

आता हाच विषय आवळून पाहू: ‘वसतिगृहात राहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये झोपण्यापूर्वीच्या तासाभरातील मोबाइल वापर आणि झोपेची गुणवत्ता यांचा संबंध काय आहे?’ वाक्य थोडं रुक्ष झालं, होऊ द्या. नमुना कोणाचा घ्यायचा, हे त्यातून कळतं. झोपेची गुणवत्ता मोजायला पीएसक्यूआय ही 1989 सालची प्रश्नावली आहे. तिचे गुण 0 ते 21 असतात आणि 5 च्या वर गेले की झोप असमाधानकारक मानतात. प्रश्न मोजमापापर्यंत पोचला, की तो संशोधनाचा झाला.

इथे ‘संबंध’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एकदाच प्रश्नावली भरून घेऊन ‘परिणाम’ सिद्ध होत नाही. मोबाइलमुळे झोप उडते की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात येतो, हे अशा सर्वेक्षणातून कळणार नाही. ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘कारणे’ हे शब्द शीर्षकात घालण्याआधी आपली पद्धत ते पेलते का, हे तपासा. मौखिक परीक्षेत पहिला घाव बहुधा इथेच बसतो. गुणात्मक अभ्यासात प्रश्नाची घडण वेगळी असते: ‘कसे’ आणि ‘कोणत्या अर्थाने’ यांवर भर असतो, गृहीतकाची सक्ती नसते.

प्रश्न पक्का करून मग वाचन, असा क्रम कागदावरच शोभतो. प्रत्यक्षात कच्चा प्रश्न घेऊन दहाबारा निबंध वाचावेत, प्रश्न मोडावा, पुन्हा मांडावा. नोंदवहीत प्रत्येक आवृत्ती तारखेसह ठेवा. प्रश्न का बदलला, याचं उत्तर प्रस्तावनेत कामी येतं.

शोध घेताना प्रश्नातले मुख्य शब्द सुटे करा आणि प्रत्येकाचे पर्यायी शब्द जोडा:

```
("smartphone use" OR "mobile phone use")
AND ("sleep quality" OR PSQI)
AND "university students"
```

कोणत्या डेटाबेसमध्ये, कोणत्या दिवशी, कोणती शोधओळ वापरली, हे लगेच लिहून ठेवा. महिन्याभराने आठवत नाही. चांगला निबंध मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि गूगल स्कॉलरवरच्या `Cited by` मधून पुढे या. संदर्भ साठवायला झोटेरो पुरेसं आहे, फुकटही आहे. नवी शोधओळ टाकूनही तेच ते निबंध समोर येऊ लागले, की शोध थांबवायला हरकत नाही.

आता आढाव्याकडे. सर्वाधिक दिसणारा दोष म्हणजे ‘अमुक यांनी असा अभ्यास केला, तमुक यांनी तसा’ अशी हजेरी. त्यात वाचन दिसतं, विचार दिसत नाही. वेबस्टर आणि वॉटसन यांनी 2002 मधल्या लेखात यावर साधा उपाय सुचवला: संकल्पनांचा तक्ता. आडव्या ओळींत निबंध, उभ्या रकान्यांत संकल्पना. लिहिताना ओळीने नव्हे, रकान्याने लिहायचं.

आपल्या उदाहरणात रकाने असे पडतील: पडद्याचा प्रकाश आणि मेलाटोनिन, मोबाइलने खाल्लेली झोपेची वेळ, मजकुरामुळे येणारी मानसिक उत्तेजना. चौथा रकाना पद्धतीचा ठेवा, कारण वापर स्वतः आठवून सांगितला आहे की फोनमधल्या नोंदींवरून घेतला आहे, यावर निष्कर्षांचं वजन ठरतं. दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नसतील, तर कारण अनेकदा याच रकान्यात सापडतं. मतभेद झाकू नका. आढाव्यातला खरा ऐवज तोच आहे.

परिच्छेदाचं पहिलं वाक्य मुद्द्याचं असावं, संशोधकाच्या नावाचं नको. नावं कंसात जाऊ द्या. आढाव्याचा शेवट अशा ठिकाणी व्हावा, की तुमचा प्रश्न पुढे येणं वाचकाला स्वाभाविक वाटेल. ‘या विषयावर फारसं काम झालेलं नाही’ एवढ्याने ते साधत नाही. काम न होण्याला विषय बिनमहत्त्वाचा असणं हेही कारण असू शकतं. उणीव नेमकी सांगा: कोणता गट सुटला, काय मोजलं गेलं नाही, कोणतं स्पष्टीकरण तपासायचं राहिलं.

मार्गदर्शकांच्या पहिल्या भेटीला येताना तीन कागद आणा: प्रश्नाच्या आतापर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या, शोधओळींची नोंद आणि किमान दहा निबंधांचा भरलेला तक्ता. तक्त्यात रिकामे चौकोन असतील तर ते तसेच ठेवा, चर्चा तिथूनच सुरू करू.