जादा कामाचा थकीत मोबदला व पगारचिठ्ठी न मिळाल्याबाबत तक्रार अर्ज

दिनांक : 15 जुलै 2024

प्रति,
मा. सरकारी कामगार अधिकारी,
सहायक कामगार आयुक्त कार्यालय, जळगाव

अर्जदार : ज्ञानेश्वर सुकलाल पाटील, रा. कुसुंबे खुर्द, ता. जि. जळगाव

विषय : नोव्हेंबर 2023 ते जून 2024 या काळातील ओव्हरटाइमचे पैसे व पगारचिठ्ठ्या मिळवून देण्याबाबत

महोदय,

मी जळगाव औद्योगिक वसाहतीतील प्लास्टिक चटईच्या कारखान्यात सहा वर्षांपासून लूम ऑपरेटर आहे. कारखान्याचे नाव व प्लॉट नंबर माझ्या गेटपासवर आहे, त्याची झेरॉक्स जोडली आहे. माझी पाळी सकाळी 8 ते दुपारी 4:30. पगार 26 दिवसांचे 13,000 रुपये ठरलेला आहे.

मागच्या दिवाळीपर्यंत जादा कामाचे पैसे निदान सिंगल दराने हातात मिळत होते. नोव्हेंबरपासून तेही बंद झाले. काम मात्र वाढले. साडेचारला मशीनवर पंच करून आम्हाला "आउट" दाखवतात आणि लगेच परत लूमवर उभे करतात. सुटका रात्री साडेआठला. त्यामुळे हजेरीच्या मशीनमध्ये आठच तास दिसतात, अंगावर मात्र बारा तास पडतात. एप्रिल-मे मध्ये जळगावचे ऊन आपणास माहीत आहे. त्यात पत्र्याचे शेड आणि शेजारी दाणा वितळवणारे मशीन. दुपारनंतरचे हे चार तास माणूस कसे काढतो, हे आपण एकदा पाळी चालू असताना येऊन पाहावे.

पैशांचे विचारले की तारीख पुढे जाते. आधी दिवाळी झाल्यावर, मग मार्चएंड झाल्यावर, मग 13 मे चे मतदान होऊन जाऊ द्या. आता म्हणतात, परवडत नसेल तर घरी बसा.

मी रोजच्या जादा तासांची नोंद वहीत ठेवली आहे. आठ महिन्यांत 153 दिवस प्रत्येकी 4 तास, म्हणजे 612 तास होतात. माझा तासाचा दर 62.50 रुपये. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 प्रमाणे जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे तासाला 125 रुपये. एकूण 76,500 रुपये माझे येणे आहे.

माझ्या वहीवर विसंबू नका, असे कारखानदार म्हणतील. म्हणून माझी विनंती आहे की पंचिंगसोबत गेटवरचे वॉचमनचे रजिस्टर आणि लूमवरची उत्पादनाची शीट तपासावी. शीटवर पाळीअखेर ऑपरेटरचे नाव आणि मीटर लिहिलेले असतात. रात्री आठपर्यंतच्या उत्पादनापुढे माझे नाव असेल, तर साडेचारला घरी गेलेला माणूस तो माल कसा काढत होता, हे त्यांना विचारावे. ही रजिस्टरे बदलली जाण्याआधी ताब्यात घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

दुसरी गोष्ट पगारचिठ्ठीची. याच आठ महिन्यांत एकही चिठ्ठी मिळालेली नाही. बँक खात्यावर पूर्ण महिना भरला तर 11,142 रुपये जमा होतात. वरचे 1,858 रुपये पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय करात गेले असे तोंडी सांगतात. कशात किती गेले आणि भरले की नाही, हे कळायला माझ्याकडे कागद नाही. मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात पगाराचा पुरावा मागितला, तेव्हा ऑफिसात विनंती करूनही साधी सही-शिक्क्याची चिठ्ठी दिली नाही. तिचा अर्ज अडला आहे. महाराष्ट्र किमान वेतन नियम, 1963 प्रमाणे पगारचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे.

10 जून रोजी मी लेखी मागणी दिली. ऑफिसने पोच दिली नाही, म्हणून तेच पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. उत्तर नाही.

तरी आपण मालकास नोटीस काढून दोन्ही बाजूंना बोलवावे, थकीत 76,500 रुपये व आठही महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या मिळवून द्याव्यात, आणि यापुढे पंच झाल्यावर काम करून घेणे बंद करावे. तडजोड न झाल्यास वेतन प्रदान अधिनियम, 1936 च्या कलम 15 खालील दाव्यासाठी मार्गदर्शन करावे. दाव्याला बारा महिन्यांची मुदत असल्याने नोव्हेंबरचे पैसे मुदतीबाहेर जाऊ नयेत, ही काळजी आहे.

माझ्याबरोबरच्या अनेकांची हीच स्थिती आहे. त्यांतले बरेच ठेकेदारामार्फत लागलेले, परप्रांतातून आलेले आहेत आणि काम जाईल या भीतीने सही करत नाहीत. मी केली आहे. या अर्जावरून मला कामावरून काढले किंवा त्रास दिला, तर तोही याच तक्रारीचा भाग धरावा.

आपला विश्वासू,
(सही)
ज्ञानेश्वर सुकलाल पाटील

सोबत : गेटपास, नोंदवहीची पाने, बँक पासबुक, 10 जूनचे पत्र व पोस्टाची पावती यांच्या झेरॉक्स, उत्पादन शीटचे मोबाइलवर काढलेले फोटो.

प्रत : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, माहिती व कार्यवाहीसाठी.